पीएच.डी.च्या मौखिकीत नेमके काय तपासायचे? परीक्षा व मूल्यमापन मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. संचालक व सर्व सदस्य,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठे

विषय : पीएच.डी.च्या मौखिकी अहवालाचा नमुना बदलण्याबाबत

स.न.वि.वि.

सामाजिक शास्त्रे आणि वाणिज्य या शाखांतल्या प्रबंधांच्या मौखिकीला मी गाईड म्हणूनही बसतो आणि बाह्य परीक्षक म्हणूनही. मौखिकी संपली की एक छापील कागद समोर येतो. ‘उमेदवाराने प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिली, सबब पदवी प्रदान करण्याची शिफारस करण्यात येते’ या अर्थाचे वाक्य त्यावर आधीच टाइप केलेले असते. नाव, तारीख आणि सह्या तेवढ्या भरायच्या. कोणते प्रश्न विचारले आणि उमेदवार काय म्हणाला, हे लिहायला त्या कागदावर एक ओळही मोकळी नसते. माझी तक्रार या कागदाबद्दल आहे आणि मागणीही त्याच्यापुरतीच.

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ची पीएच.डी. नियमावली मौखिकीच्या आधीची पायरी नीट आखून देते. गाईडखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात, सुचवलेल्या दुरुस्त्या करून प्रबंध स्वीकारावा अशी दोन बाह्य परीक्षकांची शिफारस असली तरच मौखिकी होते. मौखिकी मंडळात गाईड आणि त्या दोघांपैकी किमान एक परीक्षक असतो. २०१६च्या नियमावलीत तर मौखिकी ही अहवालांतल्या टीकेवरही आधारलेली असावी, असे शब्द होते. पण मंडळाने उमेदवारात काय पाहायचे, हे या दोन्हींपैकी कोणतीही नियमावली सांगत नाही. ते विद्यापीठांवर सोडले आहे, विद्यापीठांनी परीक्षकांवर सोडले आहे आणि परीक्षकांनी, खरे बोलायचे तर, जेवणाच्या वेळेवर.

इथे आपली रचना मुळातच जरा विचित्र आहे. ब्रिटनमध्ये मौखिकी बंद दाराआड होते, निर्णय परीक्षक घेतात, गाईड हजर असलाच तर सहसा गप्प बसतो. नेदरलँड्समध्ये प्रबंध आधीच मान्य झालेला असतो. जाहीर समारंभात ठरलेल्या वेळेपुरते प्रश्न होतात, मग विद्यापीठाचा दंडधारी आत येऊन वेळ संपल्याचे लॅटिनमध्ये जाहीर करतो आणि प्रश्न जिथल्या तिथे थांबतात. तो सोहळा आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी तसे लपवतही नाही. आपण सोहळा डचांचा घेतला आणि निर्णयाचा अधिकार ब्रिटिशांचा. त्यामुळे सभागृहात नातेवाईक, शाल आणि पुष्पगुच्छ आधीच येऊन बसलेले असतात आणि त्यांच्यासमोर परीक्षकाने परीक्षा घ्यायची असते. त्यातच निर्णय घेणाऱ्यांमध्ये गाईडही असतो, आणि प्रबंधातल्या निम्म्या निवडी त्यानेच सुचवलेल्या असतात.

मौखिकी खुली असण्याला माझा विरोध नाही. उलट ती खुली आहे म्हणूनच तिथे काय तपासले, हे लेखी राहायला हवे. तीन गोष्टी तपासता येतात आणि त्या वेगवेगळ्या नोंदवता येतात: उमेदवाराला आपले काम समजले आहे का, आपल्या निवडींची बाजू त्याला मांडता येते का आणि आलेल्या प्रश्नाचे तो काय करतो. हे वरवर सारखेच वाटते. ते तसे नाही, हे दाखवण्यासाठी एक कल्पित प्रबंध घेतो. कल्पित असला तरी आपल्यापैकी अनेकांनी त्याचे सख्खे भाऊबंद तपासले असतील.

समजा, विषय आहे एका जिल्ह्यातल्या महिला स्वयंसहाय्यता गटांमुळे झालेले आर्थिक सक्षमीकरण. नमुना ३८४ महिलांचा. आठ तालुके, प्रत्येक तालुक्यातले चार गट, प्रत्येक गटातल्या १२ सदस्या. गटांची यादी ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षातून घेतली आणि गटांपर्यंत नेण्याचे काम सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्यांनी केले. प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, काय-वर्ग चाचणी आणि शेवटी निष्कर्ष: ७१ टक्के महिलांचे उत्पन्न गटात आल्यावर वाढले, म्हणून गटांमुळे सक्षमीकरण झाले.

आता पहिला प्रश्न. “३८४च का?”

आपल्याकडच्या प्रबंधांमध्ये हा आकडा इतक्या वेळा येतो की तो आता ओळखीचा झाला आहे. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७०च्या तक्त्यातून तो येतो. त्यामागचे गणित सोपे आहे. एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती टक्के आहे हे शोधायचे, ९५ टक्के खात्री हवी, उत्तर पाच टक्के इकडेतिकडे चालेल, आणि प्रमाणाबद्दल आधी काहीच माहिती नसल्याने ते निम्मेनिम्मे धरायचे. मग १.९६चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५चा वर्ग, म्हणजे ३८४. यात एक अट गृहीत आहे: प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकून निवडलेली असावी.

या प्रश्नाला मला साधारण तीन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिला उमेदवार म्हणतो, “क्रेजसी-मॉर्गनच्या तक्त्यानुसार, सर.” दुसरा ९५ टक्के, पाच टक्के, सूत्र, सगळे स्लाइडवरून वाचून दाखवतो. तिसरा म्हणतो, “सर, तक्ता चिठ्ठीने निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. मी गट निवडले आणि गटातल्या बारा-बारा जणी घेतल्या, त्यामुळे माझ्या ३८४ची ताकद प्रत्यक्षात कमी आहे.”

बहुतेक मौखिकींमध्ये पहिल्या दोन्ही उत्तरांवर परीक्षक मान डोलावून पुढे जातो. दुसरे उत्तर तर फारच छान वाटते, कारण त्यात सूत्र असते. पण आकलनाच्या दृष्टीने पहिल्या आणि दुसऱ्या उत्तरात काहीच फरक नाही, दोन्ही पाठ करता येतात. फरक काढायचा तर एक अट हलवावी लागते. मी विचारतो, “त्याच तक्त्यात दहा हजार लोकसंख्येला ३७०चा नमुना पुरतो आणि दहा लाखांना ३८४. लोकसंख्या शंभरपट झाली, मग नमुना फक्त चौदाने का वाढला?” ज्याला सूत्रामागची गोष्ट कळली आहे तो सांगतो की अचूकता नमुन्याच्या आकारावर ठरते, तो लोकसंख्येचा कितवा हिस्सा आहे यावर जवळजवळ नाही. त्याने ते अडखळत सांगितले, मराठीत सांगितले, हातवारे करून सांगितले, तरी चालेल. ज्याने पाठ केले आहे तो पुन्हा स्लाइडकडे वळतो.

म्हणून आकलनासाठी माझा एकच निकष आहे: अट बदलल्यावर उत्तर बदलते का? ‘व्याख्या सांगा’ हा प्रश्न मौखिकीत वाया जातो, ती तर प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच लिहिलेली असते. ‘हा तक्ता मला पारिभाषिक शब्द न वापरता सांगा’, ‘हा आकडा ७१ ऐवजी ५५ आला असता तर तुम्ही काय लिहिले असते’, ‘या तक्त्यातले कोणते घर तुम्हाला स्वतःला अनपेक्षित होते’ हे प्रश्न वाया जात नाहीत. शेवटच्या प्रश्नाचा उपयोग मला फार वाटतो. ज्याने स्वतः तक्ता बांधला त्याला कुठले तरी घर खुपलेले असते. दुसऱ्याकडून विश्लेषण करून घेतलेल्याला सगळी घरे सारखीच दिसतात.

भाषेबद्दलही इथेच सांगतो. प्रबंध इंग्रजीत असला म्हणून मौखिकी इंग्रजीतच ओढत नेण्याचा हट्ट अनेक परीक्षक धरतात. मग उमेदवार विचार करण्याऐवजी वाक्य जुळवत बसतो आणि परीक्षकाला कळत नाही की अडले कुठे, नमुना निवडीत की व्याकरणात. परीक्षकाला मराठी येत असेल तर ‘मराठीत सांगा’ एवढे म्हणायला नियम आड येऊ नये. असा प्रश्न नोंदवताना भाषा बदलल्याचा उल्लेखही करू नये.

आता दुसरी गोष्ट, निवडींचे समर्थन. इथे परीक्षकांची एक समजूत आड येते. निवड बरोबर असेल तर समर्थन चांगले आणि निवड कमकुवत असेल तर उमेदवार कमकुवत, असे धरले जाते. तसे नसते. संशोधनात निवडी पैसा, वेळ, एसटीचे वेळापत्रक आणि ओळखी पाहूनच होतात. “माझे माहेर त्या जिल्ह्यात आहे, तिथे राहून काम करता येत होते, म्हणून तो जिल्हा घेतला,” हे मला अगदी सन्मान्य उत्तर वाटते. आक्षेप आहे तो “हा जिल्हा वैशिष्ट्यपूर्ण असल्याने” या छापील उत्तराला, कारण मग मी विचारतो की कशाने वैशिष्ट्यपूर्ण, आणि समोर शांतता पसरते.

समर्थनात पाहायचे ते हे की या निवडीने निष्कर्षाचे काय झाले, हे उमेदवाराला माहीत आहे का. आपल्या कल्पित प्रबंधातले गट निवडण्याचे पाऊल घ्या. सीआरपी ताईंनी गटांपर्यंत नेले. त्या कुठल्या गटांकडे नेणार? ज्यांच्या बैठका होतात, वह्या लिहिलेल्या असतात, ज्यांच्या अध्यक्ष घरी बोलावून चहा देतात. कर्ज थकून बंद पडलेला गट यादीत असला तरी त्याच्या दारात संशोधकाला कोणी नेत नाही, आणि बरेचदा तो यादीतूनच गेलेला असतो. म्हणजे ३८४ महिला या टिकलेल्या गटांतल्या आहेत. त्यांच्यापैकी ७१ टक्के जणींचे उत्पन्न वाढले, हे खरे असू शकते. पण ‘गटांमुळे सक्षमीकरण झाले’ हे वाक्य त्यातून निघत नाही, कारण जिथे झाले नाही ते गट आपण पाहिलेच नाहीत.

परीक्षकाने हे स्वतः सांगून टाकू नये. आपल्याकडे प्रश्नाच्या नावाखाली पाच मिनिटांचे व्याख्यान होते आणि शेवटी उमेदवार “होय सर, मी ते लक्षात ठेवेन” म्हणतो. त्याऐवजी विचारावे, “या ३२ गटांपर्यंत तुम्ही कशा पोहोचलात, पहिल्या फोनपासून सांगा.” उमेदवार सांगू लागली की सीआरपी ताई येतातच. मग विचारावे, “ताईंनी तुम्हाला कोणत्या गटाकडे नेले नसेल?” इथून पुढे ती काय करते ते पाहायचे.

तिने सांगितले की बंद पडलेले गट नव्हते, ते शोधायला वेळ नव्हता आणि म्हणून निष्कर्ष चालू गटांपुरता वाचावा, तर हे उत्तम समर्थन आहे. नमुना कमकुवत आहे आणि समर्थन भक्कम आहे, दोन्ही एकाच वेळी खरे. तिने “यादी शासकीय आहे, त्यामुळे ती प्रातिनिधिक आहे” असे म्हटले, तर समर्थन कमकुवत. आणि तिने “गाईड सरांनी सांगितले होते” असे म्हटले, तर मी एक पायरी पुढे जातो: “सरांनी सांगितले ते मान्य करण्याआधी तुम्ही काय विचार केलात?” या प्रश्नाच्या वेळी गाईडकडे पाहू नये. गाईडनेही मध्ये पडू नये. उमेदवार गोंधळली की गाईड “म्हणजे तिला असे म्हणायचे आहे की…” असे सुरू करतात आणि त्या क्षणी परीक्षा कोणाची चालली आहे हे कळेनासे होते. गाईडला बोलायचे असेल तर सगळे प्रश्न संपल्यावर, आणि तेही स्वतःच्या नावाने. मंडळाने हा नियम लेखी केला तर आम्हा गाईडांचीही सोय होईल. विद्यार्थी अडखळला की सांभाळून घेणे हे गाईडचे कर्तव्य आहे, असा समज इतका पक्का आहे की गप्प बसणारा गाईड निष्ठुर ठरतो.

पुन्हा ३८४कडे येतो, कारण तिसऱ्या उमेदवाराचे उत्तर अर्धवट राहिले. ‘ताकद कमी आहे’ असे तो म्हणाला. किती कमी? एकाच गटातल्या बारा जणी एकमेकींसारख्या असतात: तेच गाव, तेच कर्ज, तोच दूधधंदा. त्यांच्यातले साम्य शून्य ते एक या मापावर ०.१ इतके धरले, तर प्रत्येकीमागे गटातल्या बाकीच्या अकरा जणी धरून एक अधिक अकरा गुणिले ०.१, म्हणजे २.१. ३८४ला २.१ने भागले की उरतात सुमारे १८३. म्हणजे ३२ गटांतल्या ३८४ बायकांची माहिती ही चिठ्ठीने निवडलेल्या १८३ बायकांच्या माहितीइतकी. पाच टक्क्यांची चूक मग सव्वासात टक्क्यांच्या आसपास जाते. उमेदवाराला हे गणित तोंडी यावे, अशी माझी अपेक्षा नाही. त्याला कागद द्यावा, दोन मिनिटे द्यावीत. साम्याचा आकडा त्याने गृहीत धरला तरी चालेल. तो वाढला तर १८३चे काय होईल, हे त्याला सांगता आले की मी तिथे थांबतो.

तिसरी गोष्ट प्रश्नांना सामोरे जाण्याची, आणि गफलत सर्वांत जास्त इथेच होते. आपण नम्रतेला गुण देतो. उमेदवार हात जोडून, हसून, “सर, आपली सूचना अत्यंत मोलाची आहे” म्हणाला की सभागृहही खूश आणि परीक्षकही खूश. पण प्रश्न चुकीचा असेल तर?

असे प्रश्न येतात. आपल्या कल्पित मौखिकीत एक परीक्षक विचारतो, “जिल्ह्यात गटांच्या महिला लाखाच्या वर असतील, त्यात तुमच्या ३८४ म्हणजे अर्धा टक्काही नाही. एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढलात?” हा आक्षेप चुकीचा आहे. नमुना लोकसंख्येच्या किती टक्के आहे हा मुद्दाच नाही, तो कसा निवडला हा आहे. “होय सर, नमुना मोठा घ्यायला हवा होता,” असे म्हणणाऱ्या उमेदवाराने परीक्षकाचे मन राखले, पण प्रश्न हाताळला नाही. “सर, टक्केवारी कमी असल्याने अडचण येत नाही, माझी खरी अडचण वेगळी आहे, मी गट चिठ्ठीने निवडले नाहीत,” असे जी म्हणाली, तिने चुकीचा प्रश्न बाजूला ठेवून बरोबर प्रश्न स्वतः पुढे आणला. या खोलीत यापेक्षा वरचे काही मला माहीत नाही. आणि आजच्या पद्धतीत तिच्याबद्दलच जेवताना कोणी तरी म्हणेल, “मुलगी हुशार आहे, पण जरा उद्धट आहे.”

म्हणून मंडळाने स्पष्ट लिहावे की प्रश्न हाताळण्याच्या मूल्यमापनात आवाज, उच्चार, वेग, पोशाख, संबोधन आणि सहमती यांचा विचार करायचा नाही. पाहायचे ते वेगळे आहे. न समजलेला प्रश्न उमेदवार पुन्हा विचारून घेतो का? एका दमात विचारलेल्या तीन प्रश्नांतला कोणता आपल्या प्रबंधाचा आहे, हे तो वेगळे काढतो का? जिथे त्याचे काम थांबते तिथे तो थांबतो का, की प्रबंधात नसलेला दावा तोंडी वाढवतो? आक्षेप खरा असेल तर तो मान्य करून निष्कर्ष तेवढा मागे घेतो का? नुसते “मर्यादा आहे” म्हणणे म्हणजे मान्य करणे नव्हे. कोणत्या वाक्याला मर्यादा आली, ते वाक्य दाखवता आले पाहिजे.

“मला माहीत नाही” या उत्तराचे काय करायचे, हे परीक्षकागणिक बदलते. माझे मत असे: प्रबंधातल्या गोष्टीबद्दल ‘माहीत नाही’ असेल तर ती आकलनातली त्रुटी आहे, तिथेच नोंदवावी. प्रबंधाबाहेरच्या गोष्टीबद्दल ‘माहीत नाही, पण शोधायचे झाले तर मी अमुक पाहीन’ असे असेल तर प्रश्न नीट हाताळला आहे. बाहेरच्या गोष्टीवर तीन मिनिटे ठोकून दिले तर तो हाताळता आला नाही, ऐकायला कितीही प्रभावी असले तरी.

घाबरलेल्या उमेदवाराचा वेगळा विचार करायला हवा, कारण भीती आणि अज्ञान पहिल्या पाच मिनिटांत अगदी सारखे दिसतात. दोन साध्या गोष्टी उपयोगी पडतात. पहिला प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही, उदाहरणार्थ मुलाखतीत कोणता प्रश्न विचारायला बायका सर्वांत जास्त टाळत होत्या. उमेदवार सैलावतो, आणि शिवाय तो खरोखर क्षेत्रात गेला होता की नाही हेही कळते. दुसरे म्हणजे प्रश्न विचारून गप्प बसणे. आपल्याला शांतता सोसत नाही, दोन सेकंदांत आपण प्रश्न सोपा करतो, पाचव्या सेकंदाला उत्तर सुचवतो. मग अहवालात ‘समाधानकारक उत्तरे’ असे लिहितो ती उत्तरे बरेचदा आपलीच असतात.

वेळेचे गणितही बिघडलेले आहे. साठ स्लाइड, त्यातल्या पहिल्या वीस विषयाचे महत्त्व आणि पूर्वसंशोधनाचा आढावा सांगण्यात जातात. परीक्षकाने प्रबंध वाचलेला आहे, आणि नसेल वाचला तर तो प्रश्न मौखिकीत सुटणार नाही. सादरीकरण पंधरा मिनिटे, त्यात फक्त प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष. मग दोन्ही परीक्षकांच्या लेखी अहवालांतले आक्षेप एकेक करून. जो परीक्षक हजर नाही त्याचेही आक्षेप विचारले गेले पाहिजेत. आज ते बरेचदा गाईडच्या फाइलमध्ये राहतात, आणि उमेदवार एका पानाचे ‘अनुपालन’ जोडतो, ज्यात प्रत्येक मुद्द्यासमोर ‘दुरुस्ती केली’ असे लिहिलेले असते. सभागृहातल्या लोकांना शेवटी प्रश्न विचारू द्यावेत, पण त्यांची नोंद मूल्यमापनात घेऊ नये. अभिनंदनपर भाषणे अहवालावर सह्या झाल्यानंतर.

आता मागणी. अहवालाच्या नमुन्यातले ते छापील वाक्य काढून टाका. त्याऐवजी तीन मोकळ्या चौकटी द्या: आकलन, निवडींचे समर्थन, प्रश्नांना सामोरे जाणे. प्रत्येक चौकटीत परीक्षकाने विचारलेला एक तरी प्रश्न आणि उत्तराचा गाभा चार ओळींत लिहावा, आणि समोर ‘पुरेसे’, ‘मर्यादित’ किंवा ‘अपुरे’ यांपैकी एक शब्द. बेरीज करू नये. तीस पैकी तेवीस असे गुण दिले की गोड बोलणे आकलनाची उणीव भरून काढते, आणि मला नेमके तेच टाळायचे आहे. आकलन ‘अपुरे’ असेल तर इतर दोन चौकटींत काहीही असले तरी शिफारस होऊ नये. ज्या विद्यापीठांच्या नियमांत फेरमौखिकीची सोय आहे तिथे ती वापरावी, नाही तिथे ती करावी. समर्थन ‘मर्यादित’ असेल तर पदवी अडवायचे कारण नाही, पण प्रबंधात बदल झाला पाहिजे.

हा बदल करायला जागा आधीच आहे. नियमावलीप्रमाणे मूल्यमापन पूर्ण झाल्यावर आणि पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे जाते, म्हणजे ती शोधगंगेवर येते आणि जगभर कोणीही वाचू शकते. आज बहुधा मौखिकीआधी बांधलेली प्रतच तशीच जाते. मौखिकीत कबूल केलेली मर्यादा त्या खोलीतच राहते आणि ‘गटांमुळे सक्षमीकरण झाले’ हे वाक्य पुढच्या दहा प्रबंधांच्या पूर्वसंशोधनात उद्धृत होते. मौखिकी मंडळाने बदलायच्या वाक्यांची यादी द्यावी, उमेदवाराने पंधरा दिवसांत ती बदलावीत, हजर असलेल्या परीक्षकाने ईमेलवर मान्यता द्यावी आणि मगच प्रत अपलोड व्हावी. संपूर्ण मूल्यमापनाला नियमावलीने सहा महिने दिले आहेत, त्यात हे पंधरा दिवस बसतात.

यावर दोन आक्षेप येतील असे दिसते. एक, परीक्षक मिळणे आधीच कठीण आहे, त्यात लिहायचे काम वाढवले तर कोणी येणार नाही. तीन चौकटींना वीस मिनिटे लागतात, आणि ज्याच्याकडे विचारलेल्या प्रश्नाची चार ओळींची आठवण नाही, तो न आलेलाच बरा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: लेखी नोंद राहिली की ‘अपुरे’ लिहिणाऱ्यावर दबाव येईल, माहितीच्या अधिकारात अर्ज पडतील, कोर्टकज्जे होतील. होतील. पण आज नेमकी उलट अडचण आहे. एखाद्याने नकारात्मक मत दिलेच तर त्यामागे दाखवायला काहीच नसते, त्यामुळे ते कोणी देत नाही. विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर कागदावर असेल, तर परीक्षकाला निदान त्या कागदाचा आधार राहील.

मौखिकीतच नापास होणारे उमेदवार फार नसतील, नसावेतही. प्रबंध दोन बाह्य परीक्षकांच्या हाताखालून गेलेला असतो. माझी अपेक्षा आहे की ‘मर्यादित’ हा शब्द बऱ्याच अहवालांत दिसावा आणि तो दिसल्याने कोणाला लाज वाटू नये.

नव्या नमुन्याचा मसुदा करायला एखाद्या समितीची गरज पडू नये. तीन चौकटी, तीन शब्द, बदलायच्या वाक्यांसाठी एक कोरे पान आणि ‘गाईडने सर्व प्रश्न संपल्यावरच बोलावे’ ही एक सूचना एवढे पुरे आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि कोणत्याही एका विद्याशाखेत वर्षभर वापरून पाहावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
सामाजिक शास्त्रांतील एक संशोधन मार्गदर्शक व बाह्य परीक्षक